अकरा नावांचा पेपर

एका दुपारी फोनवर स्क्रीनशॉट आला. पेपरचं पहिलं पान होतं, शीर्षकाखाली अकरा नावं, आणि सहाव्या नावाभोवती लाल गोल. खाली एकच ओळ: "मॅडम, अर्धा मास्टर चार्ट माझ्या थीसिसचा आहे. हे बरोबर आहे का?"

पाठवणारी मुलगी मुंबईतल्या महापालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयातून मेडिसिनची एमडी झालेली, आणि आता सक्तीच्या सरकारी सेवेच्या बॉन्डवर एका जिल्हा रुग्णालयात होती. मास्टर चार्ट म्हणजे अभ्यासातल्या सगळ्या रुग्णांच्या माहितीचा मोठा तक्ता. मी त्याच कॉलेजात फार्माकॉलॉजी शिकवते. एथिक्स कमिटीचं काम बरीच वर्षं केल्यामुळे निवासी डॉक्टर असल्या तक्रारी घेऊन माझ्याकडे येतात. खरं तर लेखकांचा क्रम ठरवण्याचा अधिकार एथिक्स कमिटीला नसतो, आणि नियतकालिकाच्या संपादकालाही तो निवाडा करायचा नसतो. तो लेखकांनी आपसात ठरवायचा असतो. म्हणून मी तिच्या गाईडना, म्हणजे युनिट हेड मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "तूच ये आणि बसव सगळ्यांना. मला यातलं निम्मं माहीतच नाही." पुढचे पाच आठवडे जे झालं ते इथे लिहिते आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत.

अभ्यास लेप्टोस्पायरोसिसचा होता. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालत गेलेली माणसं ताप, कावीळ आणि किडनीचा त्रास घेऊन दाखल होतात, हे मुंबईतल्या वॉर्डांना २००५च्या जुलैपासून चांगलंच ठाऊक आहे. पहिल्या निवासी डॉक्टरने (तिला इथे थोरली म्हणते) थीसिससाठी एका पावसाळ्यातले ९६ रुग्ण घेतले. तिचा प्रश्न होता, यातल्या किती जणांच्या किडनीला इजा होते. पुढच्या वर्षी दुसऱ्या निवासी डॉक्टरने (त्याला धाकटा म्हणते) त्याच प्रोफॉर्मावर आणखी ८८ रुग्ण घेतले. एकूण १८४. पेपर मात्र वेगळ्या प्रश्नाचा झाला: दाखल झाल्यापासून पहिलं डायलिसिस सुरू होईपर्यंत किती तास जातात, आणि उशीर नेमका कुठल्या रुग्णांत होतो.

पहिल्या नियतकालिकाने तो परत पाठवला होता आणि दुसरीकडे पाठवायची तयारी चालू होती. आमच्या दृष्टीने ही वेळ नशिबाची ठरली. पेपर एकदा एखाद्या नियतकालिकाकडे विचाराधीन असताना एक नाव जरी घालायचं, काढायचं किंवा वरखाली करायचं म्हटलं, तरी संपादक कारण विचारतात आणि सगळ्यांच्या सह्यांचं पत्र मागतात. ज्याचं नाव काढायचं त्याचीही सही लागते. दोन सबमिशनांच्या मधल्या त्या आठवड्यांत मात्र अकराही जणांना मोकळेपणाने बोलता येत होतं.

पहिल्या बैठकीत सगळे एकदम क्रमावरच आले. सहावं की दुसरं, तिसरं की पाचवं. मी म्हटलं, क्रम आज नाही. आज फक्त लेखक कोण, एवढंच. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं वेगळ्या ठिकाणी मिळतात. लेखक कोण, याला निकष आहेत. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, आयसीएमजेई, चार अटी घालते आणि चारही पूर्ण व्हाव्या लागतात. पहिली, अभ्यासाची कल्पना किंवा आखणी, किंवा माहिती गोळा करणं, तिचं विश्लेषण, तिचा अर्थ लावणं, यांपैकी कशात तरी भरीव वाटा. दुसरी, मसुदा लिहिणं किंवा त्यात मजकुराच्या अंगाने खरोखर दुरुस्ती करणं. तिसरी, अंतिम प्रतीला मान्यता. चौथी, पेपरमधल्या कुठल्याही भागाबद्दल शंका निघाली तर तिची तड लावायची जबाबदारी. ही चौथी अट २०१३मध्ये आली. नावांच्या क्रमाबद्दल मात्र ही समिती एवढंच म्हणते की लेखकांनी मिळून ठरवा.

मी प्रत्येकाला एक कोरा कागद दिला. आपण काय केलं ते आपल्या हाताने लिहा आणि प्रत्येक ओळीपुढे पुरावा लिहा: प्रोफॉर्मा, ईमेलची तारीख, एक्सेल शीटची आवृत्ती, रजिस्टरचं पान. 'मार्गदर्शन केलं', 'सहकार्य केलं' असे शब्द चालणार नाहीत, हे आधीच सांगितलं. आठवड्याने कागद परत आले. अकरापैकी चार जणांच्या कागदावर एकच ओळ होती: 'माझ्या युनिटचे रुग्ण समाविष्ट.' ते चौघे मेडिसिनच्या इतर युनिट्सचे प्रमुख होते.

आणि एक कागद असा होता, जो कुणी मागितलाच नव्हता. तो धाकट्याने लिहून आणला होता, दुसऱ्या कुणाच्या तरी वतीने.

डायलिसिसचं रजिस्टर

त्यावर लिहिलं होतं: 'दाखल ते डायलिसिस ही वेळ कुठून घेतली? डायलिसिस युनिटच्या इन्चार्ज सिस्टरच्या रजिस्टरमधून. हा प्रश्न पहिल्यांदा कुणी काढला? सिस्टरने.'

मी त्याच्याबरोबर युनिटमध्ये गेले. चार वाजले होते, दुपारची शिफ्ट लागत होती. रजिस्टर म्हणजे लांब, कापडी पाठीचं, पुठ्ठ्याचे कोपरे झिजलेलं. छापील रकाने नेहमीचेच: नाव, वॉर्ड, मशीन नंबर, सुरू, बंद. पण शेवटच्या 'शेरा' रकान्यात निळ्या पेनाने बारीक अक्षरात दोन गोष्टी दर वेळी लिहिलेल्या होत्या. एक, वॉर्डातून कॉल किती वाजता आला. दुसरी, त्या वेळची लघवी आणि पोटॅशियम. 'कॉल २.४०. लघवी १२०० मिली. पोटॅशियम ३.१.' पानामागून पान असंच.

"हे का लिहायला लागलात, सिस्टर?"

"मॅडम, लेप्टोचे पेशंट वेगळे असतात. लघवी चालू असते, पोटॅशियमही वाढलेलं नसतं. मग वॉर्डात वाटतं किडनी बरी आहे, आणि आम्हाला कॉल येतो तेव्हा पेशंट धापा टाकत असतो. दोन वर्षं बघत होते. मग लिहायला लागले. या डॉक्टरांना म्हटलं, जरा बघा हे खरं आहे का."

पेपरचा जीव एवढाच आहे. लेप्टोस्पायरोसिसमध्ये किडनी बिघडली तरी पुष्कळदा लघवी कमी होत नाही आणि पोटॅशियम वाढण्याऐवजी घटतं, हे पुस्तकांत आहे. पण त्यामुळे आपल्या वॉर्डांतून डायलिसिसला बोलावणं उशिरा जातं, हे निरीक्षण तिचं होतं. ते तपासायला लागणारी वेळ तिच्याच रजिस्टरमध्ये होती, केस पेपरमध्ये ती नव्हतीच. अकरा नावांच्या यादीत मात्र तिचं नाव नव्हतं. आभारात 'डायलिसिस युनिटच्या कर्मचाऱ्यांचे सहकार्य' अशी अर्धी ओळ होती.

पुढच्या बैठकीत एक आक्षेप आला आणि तो निकषांच्याच भाषेत आला. अकरा नावांतलेच लेक्चरर सर म्हणाले, "पहिली अट ठीक आहे. पण त्यांनी मसुदा लिहिलेला नाही, दुरुस्त केलेला नाही. दुसरी अट पूर्ण होत नाही. मग लेखक कशा?"

हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलं आहे की त्यावर जरा थांबते. त्यांना मसुदा कधी दाखवलाच गेला नव्हता. जो दाखवलाच नाही तो त्या कशा दुरुस्त करणार? आयसीएमजेईच्या त्याच पानावर स्पष्ट म्हटलं आहे की पहिल्या अटीत बसणाऱ्या प्रत्येकाला मसुदा लिहिण्यात, तपासण्यात आणि अंतिम मान्यता देण्यात भाग घेण्याची संधी द्यायला हवी. एखाद्याला ही संधी नाकारून लेखकांतून वगळण्यासाठी हे निकष वापरू नयेत. म्हणजे दुसरी आणि तिसरी अट आधी मुख्य लेखकांवर येते. त्यांनी दार उघडायचं, मग समोरचा आत आला की नाही ते बघायचं. परिचारिका, टेक्निशियन, समाजसेवा अधिकारी, बदली होऊन गेलेले निवासी डॉक्टर यांची नावं गळतात ती बहुतेक याच जागी, आणि गाळणाऱ्याला वाटत असतं की आपण नियमानेच चाललो आहोत.

मग धाकट्याने मसुदा छापून सिस्टरना दिला. "इंग्रजी वाचेन, पण आकडेशास्त्र मला समजावून सांगा," ही त्यांची अट. तो तीन दुपारी त्यांच्यासोबत बसला. तिसऱ्या दुपारी त्यांनी तक्ता ३ वर बोट ठेवलं. पहिल्या डायलिसिसची वेळ काही रुग्णांत मशीन सुरू झाल्याची होती, तर काहींत कॉल आल्याची. दोन वर्षांच्या माहितीत दोन निवासी डॉक्टरांनी रजिस्टरचे दोन वेगळे रकाने उचलले होते. थोरलीने 'सुरू'चा, धाकट्याने 'शेरा'मधला. हा फरक एका रुग्णात चाळीस मिनिटांचा, दुसऱ्यात पाच तासांचा. उशीर मोजणाऱ्या पेपरात उशीरच दोन मापांनी मोजला गेला होता. दोन्ही वर्षांच्या नोंदी परत काढून कॉलची वेळ आणि मशीनची वेळ असे दोन स्वतंत्र रकाने केले तेव्हा कुठे ते निस्तरलं. मजकुराच्या अंगाने केलेली दुरुस्ती म्हणतात ती हीच.

सिस्टर मात्र नाव घालायला तयार नव्हत्या. "आमचं कामच आहे ते, मॅडम. उद्या कुणी म्हणेल डॉक्टरांच्या पेपरात ही कशी?" मी त्यांना चौथी अट सांगितली. नाव म्हणजे नुसता मान नव्हे. रजिस्टरमधल्या वेळेबद्दल उद्या कुणी शंका काढली तर उत्तर तुम्ही द्यायचं आहे. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "ते तर मीच देणार. दुसऱ्या कुणाला काय माहीत?"

ज्यांची नावं निघाली

चार युनिट प्रमुखांचं काम मला वाटलं त्याहून सोपं झालं. रुग्ण आपल्या युनिटमध्ये दाखल होता, ही रुग्णसेवा आहे, संशोधनासाठी माहिती गोळा करणं नव्हे. त्यांच्यासाठी योग्य जागा आभारात असते, आणि तिथेही 'सहकार्य' असं मोघम न लिहिता 'अभ्यासातील रुग्णांवर उपचार केले' असं नेमकं लिहिता येतं. आभारात नाव घालायला लेखी परवानगी घ्यावी, कारण वाचणाऱ्याला वाटू शकतं की या माणसाला निष्कर्षही मान्य आहेत. तिघांनी परवानगी दिली. चौथे सर रागावले आणि आभारातही नाव नको म्हणाले, तर ते घातलं नाही.

विभागप्रमुखांचं प्रकरण अवघड होतं. त्यांचं नाव शेवटी होतं, कारण विभागातून जाणाऱ्या प्रत्येक पेपरवर ते असतंच. वैद्यकीय पेपरांत शेवटची जागा ज्येष्ठ मार्गदर्शकाची समजली जाते, त्यामुळे तिथलं नाव वाचकाला सांगतं की हा अभ्यास यांच्या विचारातून उभा राहिला. प्रत्यक्षात सरांनी एथिक्सच्या अर्जावर सही केली होती आणि परवानग्या दिल्या होत्या. निधी मिळवून देणं, विभागाची सर्वसाधारण देखरेख, प्रशासकीय मदत, एवढ्याच बळावर लेखक होता येत नाही, हे आयसीएमजेईने शब्दांत लिहिलं आहे. आणि इथे सिस्टरवाला मुद्दा लागू होत नाही, कारण मसुदा वाचायची संधी पहिल्या अटीत बसणाऱ्यासाठी आहे. नुसता मसुदा वाचून पहिली अट मागाहून पूर्ण होत नाही.

ही गोष्ट निवासी डॉक्टरने सरांना सांगणं शक्य नाही. ज्याच्या सहीवर परीक्षेचा फॉर्म जातो त्याला कुणी असं सांगत नाही, आणि सांगावं अशी अपेक्षाही धरू नये. युनिट हेड मॅडम आणि मी गेलो. सरांपुढे तोच कोरा कागद ठेवला. बराच वेळ ते काही लिहीत नव्हते. मग त्यांनी विचारलं, "तक्ता ३ मध्ये घोळ झाला होता म्हणे?" आम्ही सांगितलं. "आणि माझं नाव असतं तर त्याचं उत्तर मीही द्यायचं?" हो म्हटलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "मला हे रजिस्टर कुठे असतं तेही माहीत नाही. आभारात टाका." त्यांना ते आवडलं नव्हतं हे दिसत होतं, तरी त्यांनी ते केलं, याचा मला आदर वाटतो.

पीएसएमच्या, म्हणजे सामुदायिक वैद्यक विभागाच्या स्टॅटिस्टिशियन आणि मायक्रोबायोलॉजीच्या मॅडम यांच्याबद्दल दोन्ही बाजूंनी शंका होत्या. सांगितलेली टेस्ट लावून पी-व्हॅल्यू काढून दिली, किंवा नेहमीचा आयजीएम एलायझाचा रिपोर्ट दिला, तर ती सेवा आहे. पण स्टॅटिस्टिशियनच्या कागदावर एक ईमेल जोडलेला होता. पहिल्या चोवीस तासांत, डायलिसिस मिळण्याआधीच दगावलेल्या नऊ रुग्णांना मूळ शीटमध्ये 'डायलिसिस लागलं नाही' या गटात घातलं होतं. म्हणजे सर्वांत गंभीर माणसं बऱ्या असलेल्यांच्या गटात जाऊन बसली होती. त्यांनी ते पकडलं आणि सगळं विश्लेषण नव्याने आखलं. मायक्रोबायोलॉजीच्या मॅडमनी लेप्टोच्या निदानाचे सुधारित फेन निकष लावून, निदान पुरेसं पक्कं नसलेले २२ रुग्ण बाहेर काढले. १८४चे १६२ झाले ते असे. दोघी लेखक ठरल्या. त्यांच्या पदांकडे न बघता फक्त त्या दोन ईमेलांकडे बघितलं तरी उत्तर तेच येतं.

पहिलं नाव

आता उरले सात जण, आणि खरा अवघड प्रश्न: थोरली आधी की धाकटा.

धाकट्याने गुणांची पद्धत सुचवली. कामाला गुण द्यायचे, वाटा काढायचा, बेरीज करायची. मी नको म्हटलं नाही, कारण तिचं अपुरेपण करूनच कळतं. चार कामं धरली: आखणी, माहिती गोळा करणं, विश्लेषण, लेखन. दोघांनी एकमेकांसमोर वाटे मान्य केले. आखणीत थोरलीचा निम्मा, धाकट्याचा दहावा हिस्सा. माहितीत दोघांचे ४५-४५ टक्के, बाकी इंटर्नचं. विश्लेषणात थोरलीचे १०, धाकट्याचे ४० टक्के. लेखनात थोरलीचे २० (पद्धती हा भाग तिच्या थीसिसमधून आला होता), धाकट्याचे ६०.

मग शंभरात कुठल्या कामाला किती? लेखनाला ४० आणि बाकी तिघांना २०-२० दिले, तर थोरलीचे २९ होतात, धाकट्याचे ४३. आखणीला ४०, माहितीला ३०, विश्लेषणाला १०, लेखनाला २० दिले, तर थोरलीचे साडेअडतीस आणि धाकट्याचे साडेतेहेतीस. वाटे तेच, माणसं तीच, आणि निकाल उलटा. भार ठरवणारा माणूस क्रम आधीच ठरवून बसलेला असतो. गुणांचा उपयोग झाला तो वेगळ्याच गोष्टीसाठी: भांडण वाट्यांवर नाही, ते दोघांनाही मान्य आहेत, हे पहिल्यांदा उघड झालं. थोरलीने फोनच्या स्पीकरवरून म्हटलं, "मग मला एवढंच विचारायचंय, की हा पेपर माझ्या प्रश्नाचं उत्तर देतो का?"

तिनेच तो कळीचा प्रश्न विचारला. तिचा प्रश्न होता, किडनीची इजा किती जणांना होते. पेपरचा प्रश्न होता, उशीर का होतो. तिने नवा मसुदा दोन दिवस वाचला आणि मग कळवलं की निष्कर्षातल्या उशिराच्या आकड्यांवर कुणी विचारलं तर तिला धाकट्याला फोन करावा लागेल. पहिलं नाव त्याचं असू दे, पण दुसरं तिचं, आणि दोघांचा वाटा समान अशी खूण. दोन्ही रास्त होतं. ती अडून बसली असती आणि पहिलं नाव तिचं झालं असतं तरी मला त्यात अन्याय वाटला नसता. सहावं मात्र कुठल्याच हिशेबात बसत नव्हतं. ती मुंबईत नाही, रोज दिसत नाही, म्हणून ती खाली घसरली होती; कुणी मुद्दाम ढकललं नव्हतं.

समान वाट्याच्या खुणेची मर्यादाही तिला सांगितली. पेपरच्या पानावर ती खूण दिसते. पण दुसरा कुणी संदर्भ देताना 'अमुक आणि इतर' लिहितो तेव्हा 'अमुक' एकच असतो.

लेक्चरर सरांनी कुणीतरी सुचवलेला एक तोडगा पुढे आणला होता: थोरलीला तिच्या ९६ रुग्णांचा वेगळा पेपर काढून देऊ, तिथे तिचं नाव पहिलं. ऐकायला गोड, पण मी विरोध केला. तेच रुग्ण, तोच प्रोफॉर्मा, आणि एका कामाचे दोन तुकडे. तसं करायचंच तर दोन्ही संपादकांना सांगून करावं लागेल, आणि ते वाद मिटवण्यासाठी केलेलं नसावं.

लेक्चरर सरांचं स्वतःचं दुखणंही खरं होतं. २०१५मध्ये तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलने पदोन्नतीसाठी पहिल्या दोनच नावांना श्रेय द्यायचं ठरवलं. फेब्रुवारी २०२०मध्ये ते पहिली तीन नावं किंवा कॉरस्पाँडिंग ऑथर, म्हणजे पेपरचा पत्रव्यवहार सांभाळणारा लेखक, असं झालं. त्यामुळे तिसरी आणि चौथी जागा यांत एका बोटाचं अंतर असलं तरी माणसाची बढती त्यात अडकते. सरांनी पहिल्या नियतकालिकाच्या परीक्षकांना उत्तरं लिहिली होती, चर्चेचा भाग नव्याने बांधला होता. ते लेखक निश्चित होते. पण तिसऱ्या जागेसाठी त्यांनी दिलेलं कारण 'मला गरज आहे' एवढंच होतं, आणि तिसऱ्या जागेवर सिस्टरचं काम होतं. सिस्टरना त्या जागेचा बढतीसाठी काहीच उपयोग नाही, हा युक्तिवादही झाला. युनिट हेड मॅडमनी तो एका वाक्यात थांबवला: "उपयोग कुणाला आहे ते नको, काम कुणाचं आहे ते सांगा." पुढच्या पेपरात वर घेऊ, असं आश्वासनही द्यायचं नाही असं ठरलं. न केलेल्या कामाची जागा आज कबूल केली तर उद्याचा पेपर आजच बिघडतो. सर सहाव्या जागी गेले. ते दुखावले, आणि आजही थोडे दुखावलेलेच आहेत.

असा क्रम झाला: धाकटा, थोरली, इन्चार्ज सिस्टर, स्टॅटिस्टिशियन, मायक्रोबायोलॉजीच्या मॅडम, लेक्चरर सर, आणि शेवटी युनिट हेड मॅडम, कॉरस्पाँडिंग म्हणून. वैद्यकीय संदर्भसूचीच्या रूढ पद्धतीत पहिली सहा नावं लिहून पुढे 'व इतर' लिहितात, म्हणजे सात जणांत शेवटच्या मॅडमचंच नाव झाकलं जातं. मी ते दाखवून दिलं. "चालेल," म्हणाल्या, "पत्ता माझा आहे ना."

प्रत्येकाने काय केलं याचं निवेदन चौदा भूमिकांच्या क्रेडिट पद्धतीत लिहिलं. ही पद्धत लेखक कोण किंवा पुढे कोण हे ठरवत नाही, पण क्रमातून जे दिसत नाही ते तिथे दिसतं. सिस्टरच्या नावापुढे कल्पना, माहिती गोळा करणं, माहितीची निगा आणि मसुदा तपासणं अशा चार भूमिका आल्या.

एक गोष्ट मला अजून खटकते. वैद्यकीय समाजसेवा अधिकाऱ्यांनी नऊ महिने घरी गेलेल्या रुग्णांना फोन केले होते. तीन महिन्यांनंतरची माहिती १६२पैकी ६१ जणांचीच मिळाली, कारण निम्म्याहून जास्त माणसं गावी गेली होती किंवा नंबर बदलले होते. इतक्या अपुऱ्या माहितीवर काही म्हणता येत नाही, म्हणून तो भाग पेपरमधून गेला, आणि त्यांचं सगळं कामच त्याबरोबर गेलं. जे पेपरात नाही त्याचं लेखकपण देता येत नाही. आभारात त्यांच्यासाठी पूर्ण वाक्य लिहिलं, किती महिने आणि काय केलं ते. त्यांनी वाचून "ठीक आहे" म्हटलं. मी त्या जागी असते तर मला ते पुरेसं वाटलं नसतं.

शेवटचं काम सबमिशनचं. नियतकालिक प्रत्येक सहलेखकाच्या ईमेलवर एक लिंक पाठवतं आणि ज्याने त्याने ती दाबून आपण लेखक असल्याचं मान्य करायचं असतं. पहिल्या खेपेला काय झालं होतं, ते धाकट्याने मान खाली घालून सांगितलं: बऱ्याच जणांचे ईमेल त्यानेच उघडले होते आणि सगळ्या लिंका एका रात्री त्याच्याच फोनवरून दाबल्या होत्या. कॉपीराइटच्या फॉर्मवरच्या सह्या जुन्या फॉर्मवरून उचलल्या होत्या. सीनियरने शिकवलं तसं, म्हणाला. थोरलीला पेपर गेल्याचं कळलंच नव्हतं ते यामुळे.

या वेळी लिंका सात ठिकाणी गेल्या. थोरलीने जिल्हा रुग्णालयातून रात्री अकराला दाबली. सिस्टरचा स्वतःचा ईमेल नव्हता. मुलाने उघडून दिलेला होता, पासवर्ड विसरला होता. धाकट्याने युनिटच्या कॉम्प्युटरवर नवा उघडला आणि खुर्ची सोडून बाजूला उभा राहिला. त्यांनी चष्मा लावला, पेपरचं शीर्षक वाचलं, सातही नावं वाचली, आपलं स्पेलिंग तपासलं. मग विचारलं, "तक्ता ३ नवीनच गेलाय ना?" त्याने पीडीएफ उघडून दाखवली. त्या ओळीवर बोट फिरवत शेवटपर्यंत गेल्या, आणि मग लिंक दाबली.